वरून पाहिलेले पंख
(प्रस्तावना)

उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांची ओळख शिकवणारी बहुतेक पुस्तके एक गोष्ट न सांगता धरून चालतात: पाहणारा खाली असतो आणि पक्षी वर. चित्रांच्या पानांवर पोटाकडची बाजू रंगवलेली असते, खुणाही पंखांच्या खालच्या बाजूच्याच दिलेल्या असतात. चिखलदऱ्यात हे चालत नाही. गाविलगडच्या डोंगररांगेची दक्षिण बाजू परतवाडा-अचलपूरच्या सपाटीवर एकदम तुटते. वर साधारण अकराशे मीटर उंची आणि खाली काळ्या मातीची शेते. मधल्या दरीत उन्हाने तापलेली हवा कड्याला धरून वर चढते आणि तिच्यावर पंख पसरून पक्षीही चढतात. त्यामुळे देवी पॉइंटवर, पंचबोलला किंवा गाविलगडाच्या तटावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घार आधी पायाखाली दिसते, मग नजरेसमोर येते आणि शेवटी डोक्यावर जाते. एकाच पक्ष्याची पाठ, बाजू आणि पोट पाच मिनिटांत पाहायला मिळावे अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत.

हे पुस्तक त्या जागेतून जन्मले आहे. त्याचा प्रश्न लहान आहे. उडत्या पक्ष्याचे छायाचित्र हाती आहे, त्यात रंग नीट दिसत नाहीत, शेजारी मोजायला दुसरे काही नाही. हा गरुड, गिधाड की घार? उत्तर तीन ठिकाणी शोधायचे: पंखाची बाह्यरेषा, शेपटीचा आकार आणि डोके. जाती ठरवणे ही त्यानंतरची पायरी. आपल्याकडे बहुतेक चुका पहिल्या पायरीवरच होतात, असे माझे मत आहे. ‘कोणता गरुड’ यावर तासभर वाद रंगतो आणि पक्षी घार निघतो.

या विद्येचा इतिहास पाहिला तर तिच्यात उडता पक्षी फार उशिरा आला. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा तो बंदुकीने. ॲलन ह्यूम यांनी १८६९ मध्ये भारतीय शिकारी पक्ष्यांवर विस्ताराने लिहिले. हातात धरलेले कातडे, नखांची लांबी, पंखातल्या पिसांचा क्रम असे त्यांचे साहित्य. त्यांचा हजारो नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयात गेला. संग्रहालयाच्या या पद्धतीने जातींचे वर्गीकरण पक्के केले, पण पेटीतल्या कातड्याचे पंख मिटलेले असतात. उडताना पंख कसा दिसतो, हे कातड्याला विचारता येत नाही.

दुसरी पद्धत दुर्बिणीची. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ च्या मार्गदर्शिकेने ठळक खुणांवर बोट ठेवले आणि डोक्यावरून जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची काळी-पांढरी चित्रे शेजारी-शेजारी मांडली. आपल्याकडे सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आले आणि दोन पिढ्या त्यावर वाढल्या. मात्र खुणांच्या पद्धतीला उजेड लागतो. पक्षी उन्हाच्या विरुद्ध बाजूला गेला की छातीवरच्या रेघा आणि पंखावरचा पट्टा दोन्ही नाहीसे होतात.

तिसरी पद्धत आकृतीची आहे. बॉस्फरसची सामुद्रधुनी, स्वीडनचे फाल्स्टरबो अशा ठिकाणांवरून स्थलांतरात हजारो शिकारी पक्षी जातात आणि तिथे रोज उभे राहणाऱ्यांना रंग दिसण्याआधी आकार ओळखावा लागतो. पोर्टर आणि सहकाऱ्यांचे १९७४ चे युरोपीय शिकारी पक्ष्यांवरचे पुस्तक या अनुभवातून आले. १९८८ मध्ये अमेरिकेत ‘हॉक्स इन फ्लाइट’ने तर पक्ष्याची ठेवण आणि चाल यांनाच पहिला मान दिला. चौथी पद्धत छायाचित्राची. फिनलंडचे डिक फोर्समन यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात छायाचित्रांवरून पिसान्‌पीस तपासले, कोणते जुने, कोणते नवे, कोणते अजून अर्धे वाढलेले, आणि त्यावरून वय काढले. भारतात रिशाद नौरोजी यांचा शिकारी पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ २००६ मध्ये आला. मराठीत नावांचा पाया मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’ने घातला. अर्थात आजही आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी अर्धी इंग्रजी नावे असतात आणि या पुस्तकाने ती जशीच्या तशी ठेवली आहेत, हे बरे केले.

प्रस्तुत पुस्तक तिसऱ्या आणि चौथ्या पद्धतीच्या मधल्या जागेत आहे. आकृतीची पद्धत हलत्या पक्ष्यासाठी घडली. डोळा पक्ष्याला दोन-तीन मिनिटे पाहतो आणि मनात एक सरासरी आकार तयार करतो. छायाचित्र सरासरी देत नाही. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पंख जिथे असेल तिथे ते त्याला गोठवते. म्हणून आकृतीचे नियम छायाचित्राला लावण्याआधी पक्षी त्या क्षणी काय करत होता, हे विचारावे लागते. घिरट्या घेत चढणारा पक्षी पंख पूर्ण पसरतो, बोटे फाकवतो, शेपटी पंख्यासारखी उघडतो. तोच पक्षी सरळ घसरत दरी ओलांडू लागला की मनगट पुढे येते, पंखाचे टोक मागे वळते, बोटे जुळतात, शेपटी मिटते. पहिल्या स्थितीतली घार रुंद पंखांची वाटते, दुसऱ्या स्थितीतला गरुड टोकदार पंखांचा. दोन वेगळ्या स्थितींतली छायाचित्रे शेजारी ठेवून तुलना करणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. पुस्तकातल्या छायाचित्रांची मांडणी जातीनुसार न करता स्थितीनुसार केली आहे, ती त्यामुळेच.

आता त्या तीन जागांकडे येऊ. पंखाच्या टोकाची सुटी दिसणारी पिसे म्हणजे बोटे. ती मोजा, असे सगळे सांगतात. पण घारीला सहा बोटे असतात आणि बूटेड ईगललाही सहाच. सर्पगरुडाला सात असतात. मोजणी उपयोगी आहे, पण एकटी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्याहून बोलकी असते पंखाची मागची कड. गिधाडाची मागची कड फुगीर असते. अंगाजवळ ती आत येते, मधल्या पिसांवर बाहेर झुकते आणि हाताच्या बोटांकडे पुन्हा आत वळते. जड अंग कमी कष्टात तासन्‌तास हवेत ठेवायचे, तर रुंद पंख लागतो, आणि हा फुगवटा त्या रुंदीचाच भाग आहे. घारीची मागची कड बरीच सरळ जाते, पंख लांब व सारख्या रुंदीचा, मनगटाशी मोडल्यासारखा, आणि समोरून पाहिल्यास हात खाली झुकलेला. सर्पगरुड याच्या उलट पंख वर उचलून उडतो. गिधाडेही पंख किंचित वर धरतात. समोरून आलेल्या पक्ष्याचे छायाचित्र लोक निरुपयोगी म्हणून पुसून टाकतात. पंख वर, सपाट की झुकलेला, हे मात्र त्याच छायाचित्रात सर्वांत स्वच्छ दिसते.

शेपटीबद्दल आपल्या मनात एक सोपे समीकरण बसलेले आहे: दुभंगलेली शेपटी म्हणजे घार. नेहमीच्या काळ्या घारीपुरते ते खरे, तेही शेपटी मिटलेली असताना. घार वळण घेताना शेपटी पूर्ण उघडते तेव्हा खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. तशा वेळी कोपऱ्यांकडे पाहावे. उघडलेल्या शेपटीचे दोन्ही कोपरे अणकुचीदार राहतात, शेपटी त्रिकोणी भासते. गरुडाच्या उघडलेल्या शेपटीचे कोपरे गोलावतात. शिवाय घार शेपटीने सुकाणूचे काम घेते, ती सतत पिळते. ओळीने काढलेल्या चार छायाचित्रांत शेपटी पंखांच्या पातळीपासून वेगवेगळ्या कोनांत कललेली दिसली, तर तो घारीच्या बाजूने मोठा पुरावा. बाजाराच्या गर्दीतून मांसाचा तुकडा उचलणाऱ्या पक्ष्याला अशी शेपटी लागतेच. दुसरीकडे तळ्याकाठच्या ब्राह्मणी घारीची शेपटी गोल असते आणि कापशीची जवळजवळ चौकोनी, तरी दोन्ही घारीच. पांढऱ्या गिधाडाची शेपटी पाचरीसारखी, मध्ये लांब आणि कडांना आखूड. त्याचे पिल्लू गडद तपकिरी असते आणि रंगावरून हमखास फसवते. ही पाचर मात्र वयाबरोबर बदलत नाही.

शेपटीची लांबी मोजायची एक पद्धत पुस्तकात वारंवार वापरली आहे आणि ती शिकून घेण्यासारखी आहे. पडद्यावर पक्षी मोठा करावा. अंगाला लागून पंखाची रुंदी मोजावी, मग त्या पंखाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर. लांब चोचीच्या किंवा पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची शेपटी या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. सर्पगरुडाची निम्म्याहून जास्त, पण रुंदीहून कमी. बोनेली गरुडाची जवळपास रुंदीइतकी. घारीची रुंदीइतकी किंवा जास्त. हे गुणोत्तर आहे, त्यामुळे पक्षी जवळ होता की दूर, याचा प्रश्न येत नाही. मात्र कॅमेऱ्याचा कोन तिरका असेल तर ते बिघडते. पुढून-खालून घेतलेल्या छायाचित्रात शेपटी आखूड भासते आणि घारीचे गिधाड व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही पंख सारख्या लांबीचे दिसत असतील आणि शेपटी अंगाच्या रेषेत असेल तेव्हाच मोजावे, एरवी मोजू नये.

डोके हा तिसरा पुरावा. उडताना गिधाड मान आखडून घेते, त्यामुळे एवढ्या मोठ्या पंखांच्या पुढे डोके जेमतेम बाहेर आलेले दिसते. गरुडाचे डोके आणि मान पंखांच्या पुढे ठळकपणे निघालेली असतात, चोच जड असते. घारीचे डोके लहान, पण पंखांपुढे येते. इथे एक पक्षी घोटाळा घालतो: मोहोळघार. तिचे डोके कबुतरासारखे बारीक आणि मान लांब. पंख रुंद असल्यामुळे ती मोरघारीसारखी दिसते, आणि नावात घार असूनही या दोघींपैकी एकही काळ्या घारीच्या जवळची नाही. मोरघार तर गरुडच. आपल्या नावांवरून वर्गीकरण काढायला जाऊ नये एवढे यातून घ्यावे. डोक्याचा पुरावा सर्वांत आधी नष्ट होणारा असतो, हेही लक्षात असू द्यावे. छायाचित्र धूसर असेल किंवा संगणकावर जास्त धार दिली असेल तर चोचीची आकृती आणि पंखांची बोटे, दोन्ही पहिल्यांदा विरघळतात.

पुस्तकातले एक उदाहरण इथे सविस्तर सांगतो, कारण ते चिखलदऱ्याचे आहे आणि खाली उभे राहून काढलेल्या चित्रांनी सुटत नाही. हिवाळ्यातली सकाळ, ऊन तापू लागलेले. कड्यावरून खाली पाहून घेतलेले छायाचित्र: तपकिरी पक्षी, पाठ आपल्याकडे, पंखाच्या वरच्या बाजूवर मनगटाकडून अंगाकडे तिरका गेलेला फिकट पट्टा. हा पट्टा काळ्या घारीला असतो आणि हिवाळ्यात येणाऱ्या बूटेड ईगललाही असतो. आकारमानाने दोघे एकमेकांच्या जवळचे, घारीचे पंख थोडे लांब. पण रिकाम्या दरीवर लांबी कशाशी लावणार? बोटे दोघांना सहा.

पहिला प्रश्न स्थितीचा. पक्षी चढतो आहे, पंख पूर्ण पसरलेले आहेत, शेपटी अर्धी उघडलेली. म्हणजे खाच दिसण्याची अपेक्षा नाही आणि ती दिसतही नाही. तेव्हा ‘खाच नाही म्हणून गरुड’ हा युक्तिवाद बाद. कोपरे पाहिले तर गोलसर आहेत. हा गरुडाकडे झुकणारा पहिला पुरावा, पण शेपटीची बाहेरची पिसे झिजली असतील तर घारीचेही कोपरे बोथट होतात. पुढे शेपटीच्या मुळाशी नजर टाकली. तिथे फिकट, इंग्रजी यू अक्षरासारखी कमान आहे. घारीचे पुठ्ठे पाठीच्याच तपकिरी रंगाचे असते, बूटेडला तिथे फिकट पिसे असतात. खांद्यावरच्या पिसांतही फिकट डाग आहेत, तेही बूटेडचेच. पंखाची आकृती पाहिली तर हात रुंद आणि भरीव आहे, मनगटाशी घारीसारखी मोड नाही. शेवटी त्याच पक्ष्याचे दोन मिनिटांनंतरचे, समोरून आलेले छायाचित्र: मानेच्या दोन्ही बाजूंना, पंख जिथे अंगाला मिळतो तिथे, दोन पांढरे ठिपके. विमानाच्या दिव्यांसारखे दिसणारे हे ठिपके बूटेड ईगलची खास खूण मानले जातात. आता निर्णय होतो.

यात रंग वापरला, हे खरे. पण कधी वापरला ते पाहावे. आकृतीने दोनच नावे उरल्यावर, आणि शरीराच्या ठरावीक जागीच. सुरुवातीला रंगाकडे गेलो असतो तर तिरका पट्टा पाहून घार म्हटले असते. दुसरी गोष्ट, कमान आणि खांद्यावरचे डाग फक्त वरून दिसतात. परतवाड्याच्या बाजूने कोणी हाच पक्षी खालून टिपला असता, तर त्याला आतल्या हातपिसांचा फिकटपणा तपासावा लागला असता.

काय चुकते, याचेही एक प्रकरण पुस्तकात आहे आणि मला ते सर्वांत उपयोगी वाटले. पिसे झडण्याच्या काळात पंखाच्या मध्यावर एखादे पीस गळलेले असते, नवे अर्धवट वाढलेले असते. बाह्यरेषेत तिथे खाच पडते आणि गिधाडाचा फुगवटा किंवा गरुडाची मनगटाजवळची चिमट खोटीच तयार होते. ओळखायचे कसे? खाच दोन्ही पंखांत अगदी सारखी आहे का ते पाहावे, आणि खाचेच्या तळाशी आखूड, गडद, धारदार कडेचे नवे पीस दिसते का ते पाहावे. शेपटीतली मधली पिसे गळली तर चौकोनी शेपटीही दुभंगलेली वाटते. दुसरा दगा उजेडाचा. तेजस्वी आकाशासमोर कॅमेरा पक्ष्याला काळा करतो, म्हणून पोटाच्या बाजूने घेताना उजेड एक ते दोन टप्पे वाढवावा लागतो. दरीत खाली पाहताना हे उलटते. मागे गडद जंगल असते, कॅमेरा सगळे उजळवतो आणि फिकट पट्टा पांढराफेक होतो. मग घारीच्या पट्ट्यावर लोक बूटेडचे नाव लिहितात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावरून परतलेला पिवळसर उजेड पक्ष्याच्या पोटाला तांबूस रंग देतो, हाही एक छोटा घोटाळा.

हे सगळे आता का हवे, तर उत्तर गिधाडांपाशी आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या हजारात एकाच्या आसपास उरली होती. आता पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे महाराष्ट्राच्या जंगलांत आणली जात आहेत: २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात, २०२५ मध्ये मेळघाटात. पेंच-ताडोबातून सोडलेल्या पक्ष्यांच्या पाठीवर माग काढणारे यंत्र बसवले आहे, आणि ताडोबातले एक गिधाड तर तमिळनाडूपर्यंत गेले. म्हणजे चिखलदऱ्याच्या कड्यावरून दिसलेले गिधाड कुठूनही आलेले असू शकते. त्याची नोंद वनखात्याला खरीच उपयोगाची आहे, पण ती गिधाडाची असली तरच. आपल्या गावातून ‘गिधाड दिसले’ म्हणून आलेली छायाचित्रे मी बरीच पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक तिरक्या कोनातल्या घारींची किंवा सापमार गरुडाची निघतात. इथेही वरून पाहण्याचा फायदा आहे. पाठीवरचे यंत्र वरूनच दिसते, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या प्रौढ गिधाडाची पांढरी कंबरही. त्याच्या पिल्लांना मात्र ती पांढरी कंबर नसते, म्हणून ती न दिसल्यास घाईने लांब चोचीचे गिधाड ठरवू नये.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात असतो आणि त्या महिन्यांची छायाचित्रे इथे थोडी आहेत. पिसे झडण्याचा मोठा भाग त्याच काळात होतो, त्यामुळे त्या अवस्थेसाठी वाचकाला सपाटीवरच्या, अमरावती-अकोल्याकडच्या छायाचित्रांवर भागवावे लागेल. ससाणे, शिक्रा, भोवत्या हे पक्षी जाणूनबुजून वगळले आहेत. शेवटच्या भागात संपादकांनी काही छायाचित्रे नाव न देता छापली आहेत. त्यांखाली फक्त ‘गरुड’ किंवा ‘गरुड किंवा घार’ एवढेच लिहिले आहे, आणि कोणता पुरावा कमी पडला ते सांगितले आहे. काही ठिकाणी शेपटी चौकटीबाहेर गेली आहे, काही ठिकाणी एकच छायाचित्र आहे आणि त्यात पक्षी पंख मारतानाचा आहे. वाचकाने स्वतःचे जुने संग्रह याच पद्धतीने पुन्हा काढून पाहावेत. मूळ फाइल असेल तर तीच उघडावी, कापून उजळलेली प्रत नव्हे, आणि आजूबाजूची जी छायाचित्रे धूसर म्हणून बाजूला टाकली होती तीही सोबत घ्यावीत. पंखांची ठेवण आणि शेपटीचा पीळ बहुतेक वेळा त्यांतच दिसतात.